वीस टक्के भागिले तीन: हा हिशेब कुठे चुकतो?

वाचकाचं पत्र

मी सांगली जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. तीन वर्षांपूर्वी एका इक्विटी फंडात दरमहा ५,००० रुपयांची एसआयपी सुरू केली. ९ जुलैला स्टेटमेंट काढलं, त्याची प्रत सोबत जोडते आहे. भरले १,८०,०००, आजची किंमत २,१५,९९८. म्हणजे २० टक्के. तीन वर्षांनी भागलं तर वर्षाला पावणेसात टक्केही पडत नाहीत. एजंट मात्र म्हणतो, ‘मॅडम, बारा टक्के सुटलेत.’ मिस्टरांचं म्हणणं, एफडीला सात टक्के मिळतात, सगळं काढून तिकडे टाक. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी ऑगस्टमध्ये ६०,००० लागणारच आहेत. पण एक वर्षाच्या आत काढल्यास एक टक्का एक्झिट लोड असं लिहिलंय, आणि माझे पैसे तर दर महिन्याला जातात. मग माझं वर्ष पुरं होणार कधी? त्यात एजंट सुचवतो की ह्या फंडाची एनएव्ही ७२ झाली, महाग झाला, दहा रुपयांत नवीन फंड येतोय त्यात वळवू. युनिटच्या रकान्यात तर दशांश चिन्हाखेरीज मला काही कळत नाही. काय करावं?

उत्तर

ताई, त्या दशांश चिन्हापासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्याच रकान्यात आहेत.

स्टेटमेंटमधली दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीतली ओळ काढा. रक्कम ४,९९९.७५, एनएव्ही म्हणजे एका युनिटचा त्या दिवशीचा भाव ६१.३८, युनिट ८१.४५६. पाच हजारातले पंचवीस पैसे गेले कुठे? ती स्टॅम्प ड्युटी. १ जुलै २०२० पासून म्युच्युअल फंडाच्या प्रत्येक खरेदीवर ०.००५ टक्के लागते, आणि तिची वेगळी बारीक ओळ खालीच दिसेल. उरलेल्या ४,९९९.७५ ला ६१.३८ ने भागा. ८१.४५६ येतात. त्या दिवशी तुम्ही फंडातले एवढे हिस्से विकत घेतलेत. पुढच्या महिन्यात भाव वेगळा, म्हणून हिस्सेही वेगळे. असे छत्तीस हप्ते मिळून तुमच्याकडे आज २,९६७.४१२ युनिट आहेत.

तुमच्या नावावर खरं तर एवढंच आहे. रुपये तुमच्या खात्यात नाहीत, युनिट आहेत. २,१५,९९८ हा आकडा म्हणजे २,९६७.४१२ गुणिले त्या दिवशीची एनएव्ही ७२.७९. उद्या एनएव्ही बदलली की तो आकडा बदलेल, पण तुम्ही काही घेतलं किंवा विकलं नाहीत तर युनिट तेवढेच राहतील. त्यामुळे स्टेटमेंट तपासताना आधी युनिटची शिल्लक बघायची, किंमत नंतर. हप्ता बँकेतून गेला आणि युनिट वाढले नाहीत, तर गडबड आहे. किंमत कमी झाली पण युनिट तेवढेच आहेत, तर बाजार खाली आहे, बाकी काही बिघडलेलं नाही.

एनएव्ही कशी निघते तेही एकदा पाहून घेऊ. फंडाकडे असलेले सगळे शेअर आणि रोकड त्या दिवशीच्या बंद भावाने मोजायची, त्यातून देणी आणि खर्च वजा करायचा आणि जे उरेल त्याला सगळ्या गुंतवणूकदारांच्या मिळून एकूण युनिटांनी भागायचं. हे रोज, प्रत्येक कामकाजाच्या दिवशी होतं. फंड चालवण्याचा खर्चही रोज थोडा थोडा असाच वजा होतो, म्हणून स्टेटमेंटमध्ये ‘खर्च कापला’ अशी ओळ कधीच सापडणार नाही. तुमच्या योजनेच्या नावापुढे ‘रेग्युलर’ लिहिलेलं आहे. म्हणजे त्या खर्चात एजंटाचं कमिशनही आहे. डायरेक्ट प्लॅनमध्ये ते नसतं. वर्षातून दोनदा जे एकत्रित स्टेटमेंट येतं त्यात तुमच्या गुंतवणुकीवर किती कमिशन दिलं गेलं ते रुपयांत छापलेलं असतं. एकदा बघून ठेवा. एजंट तुमची कामं करत असेल तर त्याचा मोबदला त्याला मिळावा, पण तो किती आहे हे तुम्हाला ठाऊक असायला हवं.

आता ‘७२ महाग, १० स्वस्त’ ही गोष्ट. दहा हजार रुपये ७२.७९ च्या फंडात घातले तर सुमारे १३७ युनिट मिळतील आणि दहाच्या फंडात हजार. दोन्ही फंडांनी सारखेच शेअर घेतले आणि ते शेअर दहा टक्के वाढले, तर पहिल्याची एनएव्ही ८०.०७ होईल, दुसऱ्याची ११. दोन्हीकडे तुमचे अकरा हजारच. शेअरच्या भावातून निदान कंपनीच्या नफ्याशी तुलना करून महागाई-स्वस्ताई काढता येते. एनएव्हीतून तसं काहीच निघत नाही. ७२ हा आकडा एवढंच सांगतो की हा फंड दहा रुपयांवर सुरू होऊन इथवर आला. दहाचा फंड अजून कुठेच आलेला नाही, त्याचं मागचं काही तपासताच येत नाही. शिवाय वळवणं म्हणजे कागदोपत्री इथले युनिट विकणं आणि तिथले नवे घेणं. त्यामुळे इथे जो एक्झिट लोड आणि कर लागू असेल तो लागतो, आणि नव्या फंडात लोडचं वर्ष पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजायला सुरुवात होते. एजंटाने हा सल्ला का दिला असेल याबद्दल मी अंदाज बांधत नाही. ‘नव्या फंडात असं काय आहे जे ह्यात नाही?’ एवढं त्याला विचारा आणि उत्तरात ‘दहा रुपये’ हे शब्द आले तर तिथेच थांबा.

तुमचं वर्ष दर महिन्याला पुरं होतंय

एक्झिट लोडची भीती तुम्हालाच नाही. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत ‘एसआयपी चालू असेपर्यंत पैसे अडकतात’ ही समजूत सारखी दिसते. नियम असा आहे की वर्ष मोजायचं ते प्रत्येक हप्त्याच्या युनिटांचं, ज्या दिवशी ते युनिट मिळाले त्या दिवसापासून. तुमच्या छत्तीस हप्त्यांच्या छत्तीस जन्मतारखा आहेत. आणि तुम्ही विकायला काढता तेव्हा जे युनिट सर्वात आधी आले ते सर्वात आधी जातात. निवड तुम्ही करत नाही, फंड करत नाही, क्रम ठरलेला आहे.

तुमच्या युनिटांचे मी वर्षवार गठ्ठे केले. पहिल्या बारा हप्त्यांचे १,११८.२४०, दुसऱ्या बारांचे ९८७.६५५, शेवटच्या बारांचे ८६१.५१७. सारखेच पैसे भरूनही युनिट कमी होत गेले, कारण भाव वाढत गेला. सरासरी खरेदी पहिल्या वर्षी ५३.६५ ला झाली आणि तिसऱ्या वर्षी ६९.६४ ला.

साठ हजारांसाठी आजच्या भावाने किती युनिट विकावे लागतील? ६०,००० भागिले ७२.७९, म्हणजे ८२४.२८९. हे सगळे पहिल्या वर्षाच्या गठ्ठ्यातूनच निघतात, आणि तो गठ्ठा दोन वर्षांहून जुना आहे. लोड शून्य.

बरं, मिस्टरांचं ऐकून सगळंच काढलं तर? तरीही लोड फक्त शेवटच्या ८६१.५१७ युनिटांवर लागेल. त्यांची आजची किंमत ६२,७१० रुपये, एक टक्का म्हणजे ६२७. इथे एक बारकावा लक्षात ठेवा: लोड तुमच्या नफ्यावर नसतो, विकलेल्या युनिटांच्या त्या दिवशीच्या किमतीवर असतो. म्हणून बाजार पडलेला असताना वर्षाच्या आतले युनिट काढले तर तोटाही होतो आणि वर लोडही कापला जातो. ती रक्कम फंड कंपनीच्या खिशात जात नाही, एजंटाच्याही नाही. ती योजनेतच परत जमा होते, म्हणजे मागे राहिलेल्या गुंतवणूकदारांच्या वाट्याला. लगेच आत-बाहेर करणाऱ्यांमुळे शेअर विकण्याचा जो खर्च पडतो तो इतरांनी का सोसावा, हा त्यामागचा विचार.

कराचंही याच क्रमाने चालतं. इक्विटी फंडाचे बारा महिन्यांहून जुने युनिट विकले की दीर्घकालीन नफा. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के कर आहे, पण आर्थिक वर्षात असा एकूण नफा सव्वा लाखापर्यंत असेल तर कर नाही. तुमच्या त्या ८२४ युनिटांची खरेदी साधारण ४४,२०० ची, नफा १५,८०० च्या घरात. दुसरीकडे शेअर वगैरे विकलेले नसतील तर कर शून्य, मात्र रिटर्नमध्ये दाखवायचा. बारा महिन्यांच्या आतल्या नफ्यावर २० टक्के लागतात. सगळं काढलंत तर शेवटच्या गठ्ठ्यावर चारशे-साडेचारशे रुपये कर होईल. म्हणजे लोड आणि कर धरून सगळं मोडण्याची किंमत हजार-अकराशे रुपये. ही काही घाबरण्याची रक्कम नाही. म्हणून ‘मोडू की नको’ याचं उत्तर एक्झिट लोडवरून ठरवू नका, ते दुसरीकडे आहे.

(तुमच्या योजनेत एक वर्ष आणि एक टक्का आहे म्हणून हा हिशेब. इतर वाचकांनी आपापल्या योजनेचं माहितीपत्रक बघावं. काही फंडांत मुदत काही दिवसांचीच असते, काहींत दहा टक्के युनिट वर्षाच्या आतही लोडविना काढता येतात. करबचतीच्या ईएलएसएस योजनांत लोड नसतो, पण प्रत्येक हप्ता तीन वर्षं पूर्ण अडकलेला असतो, आणि तिथेही तीन वर्षं हप्त्यागणिक मोजायची.)

वीस टक्के आणि बारा टक्के, दोन्ही खरे

तुम्ही गणित शिकवत नसलात तरी हे तुमच्या लगेच लक्षात येईल. २० टक्क्यांना ३ ने भागलंत तेव्हा तुम्ही असं धरलंत की १,८०,००० रुपये तीन वर्षं फंडात होते. पण तीन वर्षं फक्त पहिले पाच हजार होते. शेवटचे पाच हजार तर जेमतेम महिनाभर झाले. सगळ्या हप्त्यांची सरासरी काढली तर तुमचा एक रुपया फंडात साडेअठरा महिने राहिलेला आहे. म्हणजे हे वीस टक्के तीन वर्षांचे नाहीत, सुमारे दीड वर्षाचे आहेत.

मिस्टरांसाठी हीच गोष्ट बँकेच्या भाषेत सांगते. एफडीशी तुलना इथे बसत नाही, कारण एफडीत सगळी रक्कम पहिल्याच दिवशी असते. तुलना आवर्ती ठेवीशी करा. दरमहा ५,०००, तीन वर्षं, सात टक्के, तिमाही चक्रवाढ. मुदतीअखेर हातात येतात सुमारे २,००,७००. भरलेल्या रकमेवर ही वाढ साडेअकरा टक्के झाली. तुमच्या पद्धतीने तीनने भागलं तर वर्षाला चार टक्केसुद्धा नाहीत. मग बँकेने सात सांगून चारच दिले का? नाही ना. तोच भागाकार फंडावरही अन्याय करतो. त्याच हप्त्यांचे आवर्ती ठेवीत २,००,७०० झाले असते आणि इथे २,१५,९९८ झालेत.

नेमका दर काढायला प्रत्येक हप्ता त्याच्या तारखेसकट मांडावा लागतो. त्याला एक्सआयआरआर म्हणतात. एजंटाच्या किंवा ॲपच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा स्वतः एकदा काढा, शाळेच्या संगणकावर दहा मिनिटांचं काम आहे. एक्सेलच्या पहिल्या रकान्यात छत्तीस हप्त्यांच्या तारखा घाला. दुसऱ्या रकान्यात प्रत्येक तारखेपुढे -5000, उणे चिन्हासह, कारण पैसे तुमच्या हातून गेले. त्यांच्या खाली सदतिसावी नोंद ९ जुलै ही तारीख आणि 215998, अधिक. जणू आज सगळं विकून पैसे हातात आले. पहिली ओळ शीर्षकाची धरली तर सूत्र असं:

```
=XIRR(B2:B38,A2:A38)
```

उत्तर ०.१२२ च्या आसपास येईल, म्हणजे १२.२ टक्के. एजंटाने ह्या बाबतीत खोटं सांगितलेलं नाही. #NUM! असं दिसलं तर बहुधा उणे चिन्हं राहिली आहेत. #VALUE! दिसलं तर तारखा संगणकाला तारखा वाटत नाहीयेत, स्टेटमेंटमधून थेट चिकटवल्या की असं होतं, त्या हाताने टाइप करा. आणि स्टॅम्प ड्युटी वजा केलेली ४,९९९.७५ ही रक्कम घेऊ नका. तुमच्या खात्यातून पाच हजार गेलेत, हिशेब त्याचाच.

आता उलट बाजू. समजा उद्याच बाजार दहा टक्के आपटला. एनएव्ही ७२.७९ वरून ६५.५१ होईल, तुमची किंमत १,९४,४०० च्या जवळपास. हाच एक्सआयआरआर १२.२ वरून थेट ५.१ टक्क्यांवर येतो. तीन वर्षांच्या एसआयपीत असं होतंच, कारण एका दिवसाच्या भावावर सगळे युनिट एकदम मोजले जातात. तेव्हा ‘मला बारा टक्के मिळतात’ असं वाक्य करू नका. ‘९ जुलैपर्यंतचा हिशेब १२.२ आहे’ हे खरं वाक्य. आवर्ती ठेवीचे सात टक्के ठरलेले असतात, हे ठरलेले नाहीत. दोन आकडे शेजारी ठेवताना हा फरक सोडून चालणार नाही. (एसआयपी सुरू होऊन वर्षही झालेलं नसेल तर एक्सआयआरआर पाहूच नका. चार महिन्यांतली छोटीशी वाढ तो वर्षभराची करून फुगवतो आणि घटही तशीच.)

आणि १२.२ मधूनही महागाई वजा व्हायची आहे. साधी वजाबाकी चालते, पण नेमकं हवं तर भागाकार करा. महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर १.१२२ भागिले १.०५, म्हणजे १.०६९. खरी वाढ ६.९ टक्के. एफडीवर तोच हिशेब लावा. सात टक्के व्याज, तुम्ही जर वीस टक्क्यांच्या पट्टीत असाल तर कर जाऊन ५.६ उरले. महागाई वजा जाता अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पाच टक्के हे मी समजण्यापुरतं धरलं. रिझर्व्ह बँकेला नेमून दिलेलं लक्ष्य ४ टक्के आहे, दोन खाली-वर. तुमच्या घरची महागाई मात्र तुमचीच असते. मुलाची फी दरवर्षी किती वाढते ते मागच्या पावत्यांवरून काढा आणि पाचच्या जागी तो आकडा घाला.

मग काढू की नको?

माझ्या मते तुमच्या पत्रातला खरा प्रश्न सात की बारा हा नाहीच. तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये फी आहे. इंजिनिअरिंग चार वर्षांचं असतं. पुढच्या ऑगस्टमध्येही फी आहे, त्याच्या पुढच्याही. ती कुठून भरायची याबद्दल पत्रात एक ओळ नाही. पगारातून भरणार असाल तर गोष्ट वेगळी. पण ह्याच फंडातून भरायचा विचार असेल, तर जे पैसे बारा महिन्यांनी नक्की लागणार आहेत ते शेअर बाजारात ठेवू नयेत. वर पाहिलंच, एका वाईट पंधरवड्यात १२.२ चे ५.१ होतात.

म्हणून मी असं करीन. ऑगस्टचे साठ हजार आत्ताच काढा, जुलैअखेरची वाट बघू नका. पुढच्या वर्षीची फीही इथूनच द्यायची असेल तर तेवढे युनिटही याच वेळी काढून बँकेत वर्षभराच्या ठेवीत टाका. लोडची अडचण नाही. पहिले साठ हजार गेल्यावरही वर्षाहून जुने १,२८१ युनिट शिल्लक राहतात, त्यांची किंमत ९३,००० च्या वर आहे. मिस्टरांची एफडी ह्या भागासाठी अगदी बरोबर आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षासाठी किंवा त्याच्याही पुढच्या गरजांसाठी जे आहे ते राहू द्या आणि एसआयपी झेपत असेल तर चालू ठेवा. दहा रुपयांचा फंड नको. आणि ह्या फंडाचं काम कसं आहे हे पाहायचं असेल तर त्याच्या महिन्याच्या माहितीपत्रकात त्याच्या निर्देशांकाचा तीन आणि पाच वर्षांचा परतावा शेजारीच छापलेला असतो. फंड सतत त्याच्या मागे राहत असेल तर मग बदलाचा विचार, एनएव्ही किती आहे त्यावरून नाही.

अर्ज करताना रक्कम लिहा, ६०,०००. कामकाजाच्या दिवशी दुपारी तीनच्या आत अर्ज गेला तर त्याच दिवशीची एनएव्ही मिळते, जी संध्याकाळनंतर जाहीर होते. अर्ज भरताना समोर दिसते ती आदल्या दिवशीची, त्यामुळे युनिट माझ्या ८२४.२८९ पेक्षा थोडे कमी-जास्त जातील. पैसे दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेत येतात.

त्यानंतर ॲप उघडलंत की एक धक्का बसेल, तो आधीच सांगून ठेवते. गुंतवलेली रक्कम १,२०,००० दिसेल असं तुम्हाला वाटेल. दिसेल सुमारे १,३५,८००. कारण गेलेले युनिट जुने, स्वस्तात घेतलेले होते. साठ हजारांतलं मुद्दल ४४,२०० च होतं, तेवढंच वजा होतं. आणि आजच्याच भावाने परतावा वीस टक्क्यांवरून १४.९ टक्क्यांवर आलेला दिसेल, एका पैशाचंही नुकसान न होता. सर्वाधिक वाढलेले युनिट बाहेर गेले, मागे राहिले ते नंतर महाग घेतलेले. हे पाहून ‘फंड बिघडला’ म्हणून उरलेलंही मोडणारे लोक मी पाहिलेत.

म्हणून आठवडाभराने नवीन स्टेटमेंट मागवा आणि युनिटची शिल्लक २,१४३ च्या आसपास आहे का तेवढं बघा. मध्ये दहा तारखेचा हप्ता पडला असेल तर ६८-६९ युनिट जास्त दिसतील. विक्रीच्या ओळीत एक्झिट लोड शून्य असायला हवा. नसेल तर फंडाच्या रजिस्ट्रारला त्या ओळीचा आणि पहिल्या हप्त्याच्या तारखेचा उल्लेख करून ईमेल करा. आणि एक्सेलमध्ये विक्रीची तारीख घालून पुढे 60000 लिहा, अधिक चिन्हाने. मध्ये हप्ता पडला असेल तर त्याचीही -5000 ची ओळ घाला. शेवटच्या ओळीत नव्या स्टेटमेंटची तारीख आणि उरलेल्या युनिटांची किंमत लिहा आणि सूत्रातली ओळींची संख्या वाढवा. उत्तर पुन्हा बाराच्या आसपासच येईल, मध्ये बाजार फार हलला नसेल तर.